७४१ चा गेन: रेझिस्टरचं गुणोत्तर कुठवर खरं ठरतं

"सर, मी फोंड्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ७४१ चा इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर केला. सप्लाय ±१२ व्होल्ट, इनपुट रेझिस्टर १ के, फीडबॅक १० के. जनरेटर आधी सीआरओवर बघून १ व्होल्ट पीक-टू-पीकला सेट केला आणि मग सर्किटला जोडला. १ किलोहर्ट्झला गेन ९.६ आला, ५० किलोहर्ट्झला ५ च आला. मग फीडबॅकला १०० के लावला, १ किलोहर्ट्झला गेन १०० यायला हवा तर २१ आला. पुस्तकात गेन म्हणजे Rf भागिले R1 एवढंच आहे. आयसी खराब आहे का? चवथीच्या सुट्टीआधी जर्नल द्यायचं आहे."

आयसी ठणठणीत आहे. तुझी तिन्ही रीडिंगही खरी आहेत, ती खोडू नकोस आणि त्यांच्या जागी १० नि १०० लिहून मोकळी होऊ नकोस. मी पंचवीसेक वर्षं वेर्ण्याला उपकरणं दुरुस्त करण्यात आणि कॅलिब्रेट करण्यात घालवली, आणि नव्या मुलांना बेंचवर बसवलं की पहिल्या आठवड्यात नेमकी हीच तीन रीडिंग समोर येतात. ती तीन वेगळ्या कारणांनी आली आहेत, आणि त्यातली दोन तर गेनची रीडिंगच नाहीत. एकेक घेऊ.

आधी गुणोत्तर येतं कुठून ते डोळ्यांसमोर आण. ७४१ या ऑप-ॲम्पचा स्वतःचा गेन प्रचंड आहे, डीसीला साधारण दोन लाख. त्यामुळे पिन २ आणि पिन ३ मध्ये जरासा जरी फरक पडला तरी आउटपुट धावत जाऊन फीडबॅक रेझिस्टरमधून तो फरक मिटवतं. पिन ३ ग्राउंडला आहे, म्हणून पिन २ सुद्धा शून्य व्होल्टवर धरली जाते. इनपुट रेझिस्टरमधून आलेला करंट पिन २ मध्ये शिरत नाही, तो सगळा फीडबॅक रेझिस्टरमधून जातो, आणि त्यातून Rf भागिले R1 हे उत्तर निघतं. म्हणजे सगळा हिशेब पिन २ शून्यावर राहण्यावर उभा आहे. ती शून्यावर राहायची तर आउटपुटला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: जेवढ्या व्होल्टेजवर जायला हवं तेवढ्यावर जाता आलं पाहिजे, आणि वेळेत जाता आलं पाहिजे. २१ मध्ये पहिली गोष्ट बिघडली, ५ मध्ये दुसरी. ९.६ मध्ये ऑप-ॲम्पकडून काहीच बिघडलं नाही, तिथं मोजण्याची जागा चुकली.

९.६ पासून सुरू करतो. तू जनरेटर सीआरओला लावून १ व्होल्ट सेट केलास तेव्हा त्याच्यावर लोड जवळजवळ नव्हताच, कारण सीआरओचं इनपुट १ मेगोहमचं असतं. मग तू तो सर्किटला जोडलास. पिन २ शून्यावर असल्यामुळे जनरेटरला तुझं सर्किट म्हणजे ग्राउंडला लावलेला १ के चा रेझिस्टर एवढंच दिसतं. जनरेटरच्या आत ५० ओहम असतात. त्या ५० आणि १००० मध्ये व्होल्टेज वाटलं गेलं आणि सर्किटला १ च्या ऐवजी ०.९५ व्होल्ट मिळाले. ऑप-ॲम्पने ०.९५ चे दहापट इमानेइतबारे केले, तू मात्र आउटपुटला १ ने भागलंस. काही लॅबमध्ये अजून ६०० ओहमचे जुने जनरेटर आहेत, त्यावर हाच प्रयोग केला असतास तर गेन ६.२५ आला असता, आणि तेव्हा आयसीवरचा संशय आणखी पक्का झाला असता.

उरलेला बारीक फरक रेझिस्टरचा. सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के. एक पाच टक्क्यांनी जास्त आणि दुसरा पाच टक्क्यांनी कमी निघाला तर १० च्या जागी ११.०५ किंवा ९.०५ सुद्धा येऊ शकतो. एकाच लॉटमधले रेझिस्टर सहसा इतके लांब जात नाहीत, पण अंदाज कशाला करायचा? दोन्ही ब्रेडबोर्डवरून काढ आणि मल्टिमीटरवर मोज. सर्किटमध्ये लावलेले असताना मोजू नकोस, बाकीच्या वाटांमुळे आकडा चुकतो. समज इनपुटचा ९९२ ओहम आणि फीडबॅकचा १०.०२ के निघाला. मग १०.०२ ला जनरेटरचे ५० ओहम धरून १.०४२ ने भागलं की ९.६२ येतात. तुझं रीडिंग तिथंच आहे.

उपाय सोपा आहे. चॅनल १ चा प्रोब इनपुट रेझिस्टरच्या जनरेटरकडच्या टोकाला लाव, चॅनल २ चा पिन ६ ला, आणि सर्किट चालू असताना दोन्ही एकाच वेळी वाच. जनरेटरच्या स्क्रीनवरचा आकडा गेनच्या हिशेबात कधीच घेऊ नकोस. बरेचसे जनरेटर पुढे ५० ओहमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवतात, आणि लोड तसा नसला की खरं व्होल्टेज जवळपास दुप्पट असतं. दुसरा मार्ग म्हणजे इनपुटला १० के आणि फीडबॅकला १०० के घेणं. गुणोत्तर तेच राहतं आणि ५० ओहममुळे पडणारा फरक पाच टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर येतो. शिवाय सीआरओचीही मर्यादा असते. साध्या सीआरओची उभी अचूकता प्रत्येक चॅनलला ३ टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणून दोन चॅनलचा भागाकार करून ९.८ आला काय नि १०.२ आला काय, त्यावरून ऑप-ॲम्पबद्दल काही बोलता येत नाही.

आपल्याकडची एक अडचणही इथंच सांगतो. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेत जुन्या ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या काळवंडतात. वायरला हात लावला की रीडिंग उड्या मारत असेल तर गणित करत बसू नकोस, जागा बदल.

आता २१. तुझा इनपुट जवळजवळ १ व्होल्ट, गेन १००, म्हणजे आउटपुटला १०० व्होल्ट पीक-टू-पीकच्या जवळ जायला हवं. सप्लाय दोन्ही बाजू मिळून २४ व्होल्टचा. आउटपुट तिथं जाणार कुठून? ते वर गेलं, सप्लायच्या अलीकडे थांबलं, खाली गेलं, तिथंही थांबलं. ७४१ ची आउटपुट स्टेज सप्लायच्या टोकापर्यंत पोचत नाही. डेटाशीटमध्ये ±१५ व्होल्ट सप्लायला १० के लोडवर साधारण ±१४ आणि २ के लोडवर ±१३ दिलेले आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला एक-दोन व्होल्ट आतच सुटतात. तुझ्या ±१२ वर ±१०.५ च्या आसपास मर्यादा येते, आणि दोन्ही बाजू मिळून २१ होतात. म्हणजे तू सप्लायची मर्यादा मोजलीस आणि तिला गेनच्या रकान्यात लिहिलंस.

हे पडताळायचं तर इनपुट अर्धा कर. आउटपुट २१ व्होल्टच राहील आणि भागाकार ४२ येईल. आणखी अर्धा कर, ८४ येईल. इनपुट बदलल्यावर आउटपुट हलत नसेल तर त्या भागाकाराला गेन म्हणता येत नाही. शंभराचा गेन खरोखर बघायचा तर इनपुट ०.२ व्होल्ट पीक-टू-पीकच्या खाली ठेवावा लागेल, आणि मी तर त्याच्याही बराच खाली ठेवीन.

याहून छान खूण पिन २ वर मिळते. प्रोब १०एक्सवर ठेवून ती बघ. सर्किट नीट चालत असताना तिथं जवळजवळ सपाट रेघ दिसते. आउटपुट कापलं जात असताना मात्र तिथं सिग्नल उगवतो. तुझ्या बाबतीत इनपुटच्या शिखरावर ०.५ व्होल्ट आहेत आणि आउटपुट उणे १०.५ वर अडकलं आहे, तर पिन २ वर साधारण ०.४ व्होल्ट दिसतील. शून्यावर धरायला आउटपुटकडे आणखी व्होल्टेज शिल्लकच नाही, म्हणून पिन सुटली, आणि ती सुटल्यावर गुणोत्तराचा हिशेबही सुटला.

कापलेली साइन वेव्ह बघताना सीआरओ डीसी कपलिंगवर ठेव. ७४१ ला स्वतःचा ऑफसेट असतो, साधारण एक-दोन मिलिव्होल्ट, काही नगांत पाचपर्यंत. शंभराच्या सर्किटमध्ये तो १०१ पट होऊन बाहेर येतो, म्हणजे आउटपुट आधीच ०.१ ते ०.२ व्होल्ट एका बाजूला सरकलेलं असतं. शिवाय वरची आणि खालची मर्यादा मुळातच सारखी नसते. म्हणून इनपुट हळूहळू वाढवलास की एक बाजू आधी कापली जाईल. दोन्ही आकडे वेगवेगळे लिही, "±१०.५" असं एकच लिहू नकोस.

सॅच्युरेशन दर वेळी इतकं उघडपणे दिसत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात पाण्याच्या टाकीचं लेव्हल मीटर ७० टक्क्यांच्या वर जात नव्हतं. टाकी भरून वाहायची, मीटर ७० वर स्थिर. मी जाण्याआधी दोनदा सेन्सर बदलून झाला होता. मी सेन्सरला हातच लावला नाही, ॲम्प्लिफायरचं आउटपुट मोजलं तर ३.५ व्होल्ट. सप्लाय एकेरी ५ व्होल्टचा होता आणि आयसी एलएम३५८. हा आयसी खाली जवळजवळ शून्यापर्यंत जातो, पण वरच्या बाजूला सप्लायच्या दीड व्होल्ट आधीच थांबतो. पुढच्या कन्व्हर्टरला ५ व्होल्ट म्हणजे १०० टक्के, म्हणून ३.५ म्हणजे ७०. तीस टक्क्यांना, पन्नास टक्क्यांना गेन अगदी गुणोत्तराप्रमाणे येत होता, त्यामुळे ॲम्प्लिफायरवर कोणाचा संशयच गेला नाही. तिथं एमसीपी६००२ बसवला. पिना त्याच, ५ व्होल्टवर चालतो, आणि आउटपुट सप्लायच्या अगदी टोकापर्यंत जातं. मीटर १०० दाखवू लागलं. डीसीवर कापलेली वेव्ह दिसत नाही, नुसता न हलणारा आकडा दिसतो, एवढं त्यातून लक्षात ठेव.

आता ५० किलोहर्ट्झचा ५. तिन्हींत हे रीडिंग सर्वांत जास्त शिकवणारं आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बहुतेक जण "फ्रिक्वेन्सी वाढली, बँडविड्थमुळे गेन कमी झाला" असं लिहितात आणि त्याला मार्कही मिळतात. तुझ्या रीडिंगला ते कारण लागू पडत नाही.

त्या वेळी आउटपुटचा आकार कसा होता, आठवतं का? नसेल तर पुन्हा लाव आणि बघ. साइन वेव्ह दिसणार नाही, सरळ रेषांचा त्रिकोण दिसेल. ७४१ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच सरकू शकतं. याला स्ल्यू रेट म्हणतात. ५० किलोहर्ट्झची एक सायकल २० मायक्रोसेकंदांची. शून्यापासून शिखरापर्यंत जायला तिचा पाव भाग, म्हणजे ५ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात आउटपुट अडीच व्होल्ट चढतं, तोवर इनपुट उलट फिरतो आणि त्याला उतरायला लागावं लागतं. वर अडीच, खाली अडीच, एकूण पाच व्होल्ट. तुझा ५ इथून आला.

म्हणजे हाही गेन नाही. इनपुट २ व्होल्ट कर, आउटपुट पाचच्या आसपासच राहील आणि भागाकार अडीच येईल. आता उलट इनपुट १०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक कर, फ्रिक्वेन्सी तीच ठेव. आउटपुट स्वच्छ साइन वेव्ह होईल आणि गेन ८.८ च्या जवळ येईल. तेच सर्किट, तेच ५० किलोहर्ट्झ, आणि गेन एकदा ५, एकदा ८.८. म्हणून नुसती फ्रिक्वेन्सी लिहून आउटपुट किती होतं ते लिहिलं नाही, तर त्या रीडिंगवरून कुणालाच काही कळत नाही.

साइन वेव्हचा सर्वांत चढा भाग शून्य ओलांडताना असतो, आणि तो चढ शिखराच्या व्होल्टेजवर आणि फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो. त्यावरून विकृती न येता आउटपुटचं शिखर किती असू शकतं ते निघतं:

```
Vp(max) = SR / (2 * pi * f)
```

०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद धरून ५० किलोहर्ट्झला १.६ व्होल्ट शिखर येतं, पीक-टू-पीक ३.२. दहा किलोहर्ट्झला ८ व्होल्ट शिखर, शंभर किलोहर्ट्झला जेमतेम ०.८. तुझ्या सर्किटला ५० किलोहर्ट्झवर चारेक व्होल्टांचं शिखर गाठायचं होतं. ते शक्यच नव्हतं.

मग लहान सिग्नलवर ८.८ का, १० का नाही? हा मात्र बँडविड्थचा परिणाम आहे, आणि त्याची खूण अशी की वेव्ह आकाराने शुद्ध साइन राहते, फक्त छोटी होते आणि मागे पडते. ७४१ चा दोन लाखांचा गेन फक्त ५ हर्ट्झपर्यंत टिकतो. त्यापुढे फ्रिक्वेन्सी दहापट झाली की गेन दहाव्या भागावर येतो, आणि १ मेगाहर्ट्झच्या आसपास तो १ वर पोचतो. म्हणून फ्रिक्वेन्सी आणि त्या फ्रिक्वेन्सीचा मोकळा, म्हणजे फीडबॅकशिवायचा गेन यांचा गुणाकार सगळीकडे साधारण १ मेगाहर्ट्झ राहतो, त्याला GBW म्हणतात. त्यावरून तुझ्या सर्किटची बँडविड्थ fc आणि गेन A असे काढता येतात:

```
fc = GBW / (1 + Rf/R1)
A  = (Rf/R1) / sqrt(1 + (f/fc)^2)
```

पहिल्या ओळीतला तो अधिक १ नीट बघ. तुझा गेन १० आहे, पण भागायचं ११ ने. कारण फीडबॅकच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आउटपुटचा कितवा हिस्सा पिन २ वर परत येतो, आणि १० के व १ के च्या विभाजनात तो अकरावा हिस्सा आहे. इन्व्हर्टिंग असो वा नॉन-इन्व्हर्टिंग, हा हिस्सा तोच. वर ऑफसेट १०१ पट होतो म्हटलं, तेही याच कारणाने. मोठ्या गेनला १०० नि १०१ मध्ये काही फरक पडत नाही, पण दोन्ही रेझिस्टर सारखे घेऊन उणे १ गेनचं सर्किट केलंस तर बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ नाही, ५०० किलोहर्ट्झ मिळते, आणि तिथं हा अधिक १ विसरणारा माणूस पुरता गोंधळतो. तुझ्या दहाच्या सर्किटला ती ९१ किलोहर्ट्झ येते, आणि ५० किलोहर्ट्झला गेन ८.७६.

शंभराच्या सर्किटला हीच मर्यादा ९.९ किलोहर्ट्झला येते. हिशेबाप्रमाणे १ किलोहर्ट्झला ९९.५, ५ ला ८९, १० ला ७०, २० ला ४४ आणि १०० ला साधारण १०. यातलं १ किलोहर्ट्झचं रीडिंग मला फार आवडतं. त्या फ्रिक्वेन्सीला ७४१ चा मोकळा गेन फक्त १००० उरलेला असतो, आपल्याला हव्या असलेल्या शंभराच्या जेमतेम दहापट. मग चूक दहा टक्के का येत नाही? कारण त्या भागात आयसीचा स्वतःचा गेन ९० अंशांनी मागे असतो, त्यामुळे ही कमतरता सरळ वजा होत नाही, काटकोनात जोडली जाते. आकारात अर्धा टक्काच फरक पडतो, फेजमध्ये मात्र जवळजवळ सहा अंश. सीआरओवर दोन्ही चॅनल एकावर एक ठेवून, चॅनल २ उलटा करून बघ. उंचीत काही कळणार नाही, पण शून्य ओलांडण्याची जागा किंचित सरकलेली दिसेल. बँडविड्थची पहिली चाहूल गेनच्या आधी फेजमध्ये लागते.

स्ल्यू रेट आणि बँडविड्थ यांत सगळे घोटाळा करतात त्याचं एक कारण असं की दोन्ही मर्यादा आयसीतल्या एकाच कपॅसिटरमधून येतात. १९६५ च्या ७०९ या ऑप-ॲम्पला बाहेरून कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून स्थिर करावं लागायचं. १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागर यांनी ७४१ केला तेव्हा ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला. म्हणूनच तू बाहेर काही न लावता हे सर्किट चालवू शकतेस. तोच कपॅसिटर ५ हर्ट्झपासून गेन खाली आणतो. आणि आउटपुट हलायचं तर तोच कपॅसिटर भरावा लागतो, पण पहिल्या स्टेजकडे द्यायला पंधरा-वीस मायक्रोॲम्पिअरच करंट आहे. १५ मायक्रोॲम्पिअर भागिले ३० पिकोफॅरड म्हणजे बरोबर अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. सिग्नल लहान असतो तेव्हा पहिली स्टेज मागणीच्या प्रमाणात करंट देते आणि आपल्याला बँडविड्थ दिसते. मागणी मोठी झाली की तिच्याकडचा सगळा करंट आधीच लागलेला असतो, ती त्याहून जास्त देऊ शकत नाही, आणि साइन वेव्हचा त्रिकोण होतो.

आता रीडिंग पुन्हा कशी घ्यायची ते. पिन ७ आणि पिन ४ ला ग्राउंडपासून खरोखर +१२ आणि −१२ आहेत ना ते आधी मोज, आणि दोन्हींना आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. फ्रिक्वेन्सी बदलत गेन घेताना आउटपुट कायम १ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आत ठेव, म्हणजे शंभर किलोहर्ट्झपर्यंत स्ल्यू रेट मध्ये येणार नाही आणि सप्लायचा तर प्रश्नच नाही. शंभराच्या सर्किटला त्यासाठी इनपुट १० मिलिव्होल्ट लागेल. एवढ्या लहान सिग्नलला सीआरओवर नुसती जाड, थरथरती रेघ दिसते. म्हणून जनरेटर १ व्होल्टवरच ठेव आणि पुढे १ के व १० ओहमचा डिव्हायडर लाव. १० ओहमवरचं व्होल्टेज इनपुट रेझिस्टरला दे आणि चॅनल १ डिव्हायडरच्या वरच्या टोकाला लाव, तिथला सिग्नल मोठा आणि स्वच्छ असतो. सर्किटचा १ के त्या १० ओहमला समांतर येतो हे धरलं तर विभाजन ०.०१ नाही, ०.००९८ आहे. चॅनल १ च्या आकड्याला त्याने गुण, मग भागाकार कर.

या कामाला मल्टिमीटरची एसी रेंज वापरू नकोस. स्वस्त मीटर काही शे हर्ट्झपर्यंतच खरं सांगतात. त्यापुढे मीटरच कमी दाखवतं आणि ती घट आपण ऑप-ॲम्पच्या नावावर लिहितो. शिवाय त्रिकोण आणि कापलेली वेव्ह त्याला ओळखता येत नाहीत, तो सगळ्याला साइन समजून आकडा देतो.

फ्रिक्वेन्सी वाढवत जा आणि आउटपुट १ किलोहर्ट्झच्या ०.७ पट होते ती जागा शोध. ती १ मेगाहर्ट्झ भागिले १०१ ला नेमकी येईलच असं नाही, तो आकडा डेटाशीटमधला नेहमीचा आहे, तुझ्या नगाचा नाही. ती समज १२ किलोहर्ट्झला मिळाली, तर १०१ ने गुणून तुझ्या नगाचा गुणाकार १.२ मेगाहर्ट्झ आहे असं लिही, आणि त्या आकड्यावरून दहाच्या सर्किटचं ५० किलोहर्ट्झचं रीडिंग आधी काढून मग मोज. दोन्ही जुळले तर तुला बँडविड्थ कळली. सॅच्युरेशन वेगळं घे, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झच्या आसपास ठेवून फक्त इनपुट वाढवत, म्हणजे स्ल्यू रेट त्यात मिसळणार नाही. टेबलमध्ये फ्रिक्वेन्सी, इनपुट, आउटपुट, गेन यांच्या शेजारी "आउटपुटचा आकार" असा एक रकाना ठेव आणि त्यात साइन, सपाट माथा किंवा त्रिकोण लिही. गेनचा भागाकार फक्त साइनच्या ओळींत कर, बाकीच्या ओळींत आउटपुटचे व्होल्ट तेवढे लिही.

लॅबमध्ये टीएल०७१ किंवा टीएल०८१ मिळाला तर एक शेवटचं कर. आपण वापरतो त्या पिना ७४१ च्याच जागी आहेत, काही न हलवता आयसी तेवढा बदल. त्याचा गुणाकार साधारण ३ मेगाहर्ट्झ आणि स्ल्यू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे. मग तुझी जुनी तीन रीडिंग आहेत तशी पुन्हा घे, फक्त इनपुट या वेळी चॅनल १ वर चालू सर्किटमध्ये मोज. १ किलोहर्ट्झला रेझिस्टरचं मोजलेलं गुणोत्तर येईल, आणि ते ७४१ लाही आलंच असतं. फीडबॅकला १०० के लावून १ व्होल्ट दिलास तर आउटपुट पुन्हा २१ च्या आसपासच कापलं जाईल, कारण सप्लाय बदललेला नाही. ५० किलोहर्ट्झला मात्र त्रिकोणाच्या जागी स्वच्छ साइन वेव्ह येईल आणि गेन ९.८ च्या जवळ असेल.